केसिंगमधून काढलेली हार्ड डिस्क पीसीत लावली की फिरतच नाही? तिसरी पिन बघा

हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदाच नीट लिहून टाकतो. टेबलावर ठेवायची मोठी एक्सटर्नल हार्ड डिस्क असते ना, वेगळा पॉवर अडॅप्टर असलेली, ८ टीबी, १० टीबीवाली. तिचं प्लास्टिकचं केसिंग उघडायचं, आतली साडेतीन इंची डिस्क काढायची आणि थेट पीसीत साटा केबलला लावायची, हे बरेच जण करतात कारण तेवढ्याच टीबीची इंटर्नल डिस्क बऱ्याचदा जास्त महाग पडते. काढेपर्यंत सगळं ठीक. पण पीसीत लावली, चालू केला, आणि डिस्क ठार गप्प. फिरण्याचा आवाज नाही, हाताला थरथर नाही, बायोसमध्ये नाव नाही. परत केसिंगच्या बोर्डाला जोडली की मात्र मस्त चालते, सगळा डेटा जागेवर.

असं होत असेल तर डिस्क खराब नाहीये आणि बहुतेक वेळा पीसीचा पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएसही खराब नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबरच वागतायत, फक्त एका पिनचा अर्थ मधल्या काळात बदलला आणि एसएमपीएस जुन्या अर्थाने चालतोय तर डिस्क नव्या.

साटाच्या पॉवर कनेक्टरला १५ पिना असतात. एसएमपीएसकडून येणाऱ्या पूर्ण केबलमध्ये वायरी पाचच, कारण एकेक वायर तीन-तीन पिनांना जाते. नारिंगी वायर पहिल्या तीन पिनांना ३.३ व्होल्ट देते, मग काळी म्हणजे ग्राउंड, मग लाल ५ व्होल्ट, परत काळी, आणि शेवटी पिवळी १२ व्होल्ट. आता गंमत अशी की साडेतीन इंची हार्ड डिस्कला ३.३ व्होल्ट लागतच नाहीत. मोटर १२ वर, सर्किट ५ वर, बाकी काय हवं ते डिस्क स्वतःच्या बोर्डावर बनवून घेते. म्हणजे वर्षानुवर्षं ती नारिंगी वायर कनेक्टरपर्यंत येत होती आणि डिस्क तिच्याकडे बघतही नव्हती.

मग २०१६ साली साटाची ३.३ ही आवृत्ती आली (व्होल्टचा आणि आवृत्तीचा आकडा सारखा आहे हा निव्वळ योगायोग, गोंधळू नका) आणि त्यात या रिकाम्या पडलेल्या तिसऱ्या पिनला नवं काम दिलं, पॉवर डिसेबल. या पिनवर व्होल्टेज आलं की डिस्कने स्वतःची पॉवर बंद करायची, व्होल्टेज गेलं की परत चालू व्हायचं. हे आपल्यासाठी नाहीच मुळी, डेटा सेंटरसाठी आहे. तिथे रॅकमध्ये शेकड्याने डिस्क असतात, त्यातली एखादी हँग झाली तर माणूस पाठवून ती बाहेर ओढून परत आत ढकलण्यापेक्षा लांबूनच पिन वर करायची, काही सेकंद थांबायचं, पिन खाली करायची, डिस्क रीस्टार्ट. त्यांच्यासाठी फार सोयीचं. पण तशीच डिस्क जेव्हा तुमच्या घरच्या पीसीत येते तेव्हा नारिंगी वायर तिसऱ्या पिनवर कायम ३.३ व्होल्ट देत बसते आणि डिस्क समजते की मालक सांगतोय, बंद राहा. ती राहते बंद. पीसी चालू आहे तोवर.

केसिंगमध्ये का चालते तेही यातच आलं. केसिंगच्या आत जो छोटा यूएसबीचा बोर्ड असतो, ब्रिज बोर्ड म्हणतात त्याला, तो अडॅप्टरकडून १२ व्होल्ट घेतो, त्यातून ५ बनवतो आणि एवढंच डिस्कला देतो. तिसऱ्या पिनवर काही पाठवत नाही. म्हणून तिथे डिस्क खुशाल फिरते.

सगळ्या एक्सटर्नलमध्ये अशी डिस्क निघते असं मात्र नाही. ज्यांच्याबद्दल हे पक्कं माहीत आहे त्यात वेस्टर्न डिजिटलच्या पांढऱ्या लेबलच्या डिस्क येतात, WD80EMAZ, WD100EMAZ वगैरे मॉडेल, आणि हा त्यांच्यातला दोष नाही, ते फीचरच आहे. तुमच्याकडची डिस्क कुठलीही असो, लेबलवरचा मॉडेल नंबर घेऊन डेटाशीट सापडतेय का बघा आणि तिच्यात Power Disable किंवा PWDIS हे शब्द शोधा. पांढऱ्या लेबलवाल्यांची डेटाशीट बऱ्याचदा मिळत नाही, मग खालच्यासारखं तपासूनच ठरवावं लागतं.

आधी खात्री, मग टेप

सांगलीचा एक ओळखीचा फोटोग्राफर आहे, लग्नाचं शूटिंग करतो, त्याची केस सांगतो म्हणजे क्रम लक्षात येईल. त्याने ८ टीबीची एक्सटर्नल उघडून आतली डिस्क एडिटिंगच्या पीसीत लावली, फिरली नाही. दुकानात नेली तर त्यांनी आपल्या टेस्टिंगच्या पीसीला लावली, तिथेही नाही फिरली, मग त्याच केबलला दुकानातली एक जुनी डिस्क लावली, ती लगेच चालली. निदान झालं, तुमची डिस्क डेड, डेटा हवा असेल तर रिकव्हरीला पाठवू, खर्च मोठा आहे. बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं कारण त्यात दोन सीझनची लग्नं होती.

"दादा, त्याच केबलवर दुसरी डिस्क चालली की हो, म्हंजे केबल चांगली, मग माझीच गेली न्हवं?"

"तीच तर फसवी गोष्ट आहे. जुन्या डिस्कला ती पिन कळतच नाही, त्यामुळे ती चालणारच. केसिंगचा बोर्ड ठेवलायस का?"

"हाय की."

"मग त्याला जोड आणि सांग फिरते का."

फिरली. दुकानाचं तर्कशास्त्र तसं चुकीचं नव्हतं, केबल चांगली आणि डिस्क गप्प म्हणजे डिस्क गेली असं कोणालाही वाटेल, पण इथे ते लागू पडत नाही. म्हणून पहिली टेस्ट कायम हीच, मूळ ब्रिज बोर्ड आणि मूळ अडॅप्टर. डिस्क टेबलावर सपाट ठेवा, कडेला बोट लावा, अडॅप्टर चालू करा. डिस्कला पूर्ण वेग घ्यायला दहा-वीस सेकंद लागतात, तेवढ्यात बोटाला बारीक थरथर कळते. इथेही गप्प असेल तर तिसऱ्या पिनचा संबंध नाही, अडॅप्टर, बोर्ड किंवा खरंच डिस्क गेलीये, पुढचं वाचून उपयोग नाही.

दुसरी टेस्ट म्हणजे एसएमपीएसची केबल नुसती डोळ्यांनी बघणं. डिस्कला जाणाऱ्या साटा पॉवर केबलमध्ये नारिंगी वायर आहे का? पाच वायरी असतील तर ३.३ येतंय असं धरून चाला. चारच असतील, म्हणजे पिवळी, लाल आणि दोन काळ्या, तर ३.३ येतच नाहीये आणि डिस्क न फिरण्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. हल्लीच्या काही एसएमपीएसला सगळ्याच वायरी काळ्या चपट्या पट्टीसारख्या असतात, तिथे रंग कळत नाही, मोजा. पाच आहेत की चार एवढंच बघायचंय.

मल्टिमीटर असेल तर मग शंकाच नको. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, डिस्क काढलेली असू द्या, पीसी चालू करा. काळा प्रोब एसएमपीएसच्या एखाद्या रिकाम्या मोलेक्स, म्हणजे जुन्या धाटणीच्या चार पिनांच्या कनेक्टरच्या काळ्या वायरच्या भोकात, आणि लाल प्रोब साटा कनेक्टरच्या मागून नारिंगी वायर जिथे आत जाते तिथे. ३.१४ ते ३.४७ च्या मध्ये काहीही आलं तर ते ३.३ व्होल्टच समजायचे, एसएमपीएसला पाच टक्के वर-खाली चालतं. समोरच्या बाजूने पिनांमध्ये प्रोब खुपसू नका, भोकं बारीक असतात, टोक घसरून दोन पिना एकत्र आल्या तर नसता उद्योग होतो.

लिनक्सवाल्यांना अजून एक खूण मिळते:

```
sudo dmesg | grep -i "SATA link"
```

डिस्क झोपलेली असेल तर तिच्या पोर्टसमोर असं दिसेल:

```
ata3: SATA link down (SStatus 0 SControl 300)
```

रिकाम्या पोर्टलाही हेच येतं, म्हणजे मदरबोर्डच्या दृष्टीने तिथे डिस्क लावलेलीच नाही. याउलट लिंक अप दिसतंय पण पुढे एरर येतायत, किंवा डिस्क फिरते आणि टकटक करते, किंवा फिरून थांबते, परत फिरते, तर ते सगळं वेगळं दुखणं आहे. पॉवर डिसेबलमध्ये अर्धवट काही नसतं, डिस्क पूर्ण गप्प.

फोटोग्राफरच्या पीसीत नारिंगी वायर होती. त्याच्या घरी वडिलांचा दुकानाच्या हिशोबाचा एक जुनाट पीसी होता, त्याच्या साटा केबलला चारच वायरी. तिथे लावून बघ म्हटलं, लावली, आणि डिस्क उठली. इतकं सरळ प्रूफ मिळायला नशीब लागतं, पण घरात दुसरा पीसी असेल तर करून बघाच.

टेप कुठे आणि कशी

उपाय एकच, तिसऱ्या पिनपर्यंत ३.३ पोचू द्यायचे नाहीत. ते डिस्कच्या बाजूने अडवा नाहीतर केबलच्या बाजूने. सगळ्यात स्वस्त म्हणजे डिस्कच्या पिनांवर टेप.

टेप कॅप्टॉन हवी. ती पातळ, तपकिरी-सोनेरी, अर्धपारदर्शक असते, मोबाईल रिपेअरवाले गरम हवेचं काम करताना आजूबाजूच्या पार्टवर लावतात तीच. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला रोल मिळतो, पण एक डिस्क असेल तर रोल कशाला, जवळच्या मोबाईल रिपेअरवाल्याकडे वीतभर मागा, तो तशीच देईल. इलेक्ट्रिशियनची काळी टेप नको. ती जाड असते, कनेक्टर नीट बसत नाही, आणि डिस्क चाळीस-पंचेचाळीस डिग्रीला तासन्‌तास राहिली की तिचा चिकट गोंद पाझरून शेजारच्या पिनांवर पसरतो. सेलोटेप तर नकोच नको.

आता कुठली पिन. डिस्कच्या मागे दोन कनेक्टर शेजारी शेजारी असतात, छोटा ७ पिनांचा डेटाचा आणि लांब १५ पिनांचा पॉवरचा. पॉवरमधली मोजणी डेटा कनेक्टरच्या बाजूने सुरू होते. म्हणजे डेटाच्या सगळ्यात जवळची ती पहिली, मग दुसरी, मग तिसरी. डिस्क उलटी धरली, सरळ धरली, तरी हे बदलत नाही, म्हणून डावीकडून तिसरी की उजवीकडून तिसरी असं डोक्यात ठेवूच नका, डेटाकडून तिसरी असं ठेवा. पडताळा हवा असेल तर केबल हातात घेऊन लावल्यासारखी समोर धरा, नारिंगी वायर डेटाच्या बाजूला आली पाहिजे.

फक्त तिसरी झाकली तरी पुरतं. पण दोन पिनांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर, म्हणजे सव्वा मिलिमीटरची पट्टी कापून बरोबर त्याच पिनवर बसवायची, ते फार किचकट होतं आणि इतकी अरुंद पट्टी टिकतही नाही. त्यापेक्षा पहिल्या तिन्ही पिना एकत्र झाका. पहिल्या दोन पिनाही ३.३ च्याच आहेत आणि साडेतीन इंची डिस्कला त्या लागत नाहीत. तीन पिनांना साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर रुंदीची पट्टी लागते. चौथीवर थोडी गेली तर आभाळ कोसळत नाही, ती ग्राउंड आहे आणि शेजारच्या दोन पिनाही ग्राउंडच आहेत, पण जाऊ देऊ नका. सातवीपर्यंत टेप गेली तर मात्र ५ व्होल्टलाच हात घातलात.

पद्धत अशी. पिनांची जीभ आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नसेल तर कोरड्या स्वच्छ कापडाने, बोटाचं तेल राहिलं की टेप धरत नाही. पट्टी ब्लेडने कापा, कात्रीने कडा वेडीवाकडी येते. चिमट्याने पट्टीचं एक टोक पिनांच्या मुळाशी, आतल्या बाजूला चिकटवा, तिथून जिभेच्या टोकाकडे आणा आणि टोकावरून मागच्या बाजूला दुमडा. हे दुमडणं महत्त्वाचं. टेप जिभेच्या टोकालाच संपवली तर केबल आत ढकलताना कनेक्टरची कडा तिच्याखाली घुसते आणि तिची घडी करून आत ढकलते. दुमडलेली असली की कनेक्टर वरून घसरत जातो. मग प्लास्टिकच्या काडीने किंवा नखाने दाबून हवेचे बुडबुडे काढा, टॉर्च मारून बघा की चौथी पिन पूर्ण उघडी दिसतेय, आणि केबल सरळ, न हलवता, एकाच दाबात लावा.

नेलपॉलिश लावणारेही लोक आहेत. चालतं, पण एक-दोनदा केबल काढली-लावली की खरवडून निघतं, आणि निघालेलं नुसत्या डोळ्याला दिसत नाही. मला ते पटत नाही.

चाललेली डिस्क परत बंद का पडते

खरी कटकट इथे आहे आणि "टेप लावली होती, तीन महिने चालली, आता परत गेली" हे इतक्या जणांकडून ऐकलंय. फोटोग्राफरचंही तेच झालं, दिवाळीआधी कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला, केबल काढून परत लावली, डिस्क गायब. फोन आला तो थेट "आता मात्र गेलीच हो" म्हणून.

केबल काढताना कनेक्टरच्या आतले स्प्रिंगसारखे संपर्क टेपवरून घासत बाहेर येतात आणि तिची कडा उचलतात. परत लावताना ती उचललेली कडा मुडपते, तिसरी पिन उघडी पडते आणि डिस्क झोपते. कधी उलटं होतं, टेप सरकून आत पाचव्या-सहाव्या पिनपर्यंत जाते. वाईट म्हणजे तुकडा केबलच्या कनेक्टरमध्येच अडकून राहतो, मग त्या केबलला दुसरी कुठलीही डिस्क लावली तरी ती कधी दिसते, कधी नाही. म्हणून टेपवाली डिस्क परत गप्प झाली तर आधी डिस्कच्या जिभेवर टॉर्च मारा, टेप जागेवर नसेल तर केबलच्या कनेक्टरच्या आत बघा, तुकडा चिमट्याने काढा (पीसीचा प्लग भिंतीतून काढून, हे सांगायला नको पण सांगतो), आणि जुनी टेप दाबून न बसवता नवी लावा. एकदा उचललेली टेप परत धरत नाही.

परत परत बंद पडण्याचं दुसरं कारण याहून साधं आहे. कोणीतरी केबलच बदललेली असते. कॅबिनेटमध्ये पाच वायरींची एक केबल आणि मोलेक्सवरून काढलेली चार वायरींची एक, अशा दोन असतात, डिस्क चार वायरींवर बिनटेपची चालत असते, साफसफाईत अदलाबदल होते. किंवा एसएमपीएस जळतो, नवा येतो, जुन्यात नारिंगी वायर नव्हती आणि नव्यात आहे. डिस्क सारखीच, पीसी सारखाच, आणि "काही बदललं नाही" असं माणूस शपथेवर सांगतो.

म्हणून माझं मत असं की टेप ही निदान पक्कं करण्यासाठी आणि अशा डिस्कसाठी जी एकदा लावली की वर्षानुवर्षं हलवायची नाही. काढ-घाल होणार असेल तर केबलच्या बाजूने सोडवा.

तिथला सोपा मार्ग मोलेक्स ते साटा अडॅप्टर. मोलेक्समध्ये ३.३ ची वायरच नसते, १२, ५ आणि दोन ग्राउंड, बस. म्हणून तिथून निघालेल्या साटा कनेक्टरमध्ये तिसरी पिन आपोआप रिकामी राहते आणि डिस्कला टेपही लागत नाही. पण अडॅप्टर बघून घ्या. स्वस्तातले जे असतात त्यांचा साटाकडचा भाग एकसंध ओतलेल्या प्लास्टिकचा असतो, आत वायरी एकमेकींच्या किती जवळ बसल्यात ते बाहेरून दिसत नाही, आणि १२ व्होल्ट शेजारच्या वायरीला टेकून हे अडॅप्टर वितळल्याचे, पेटल्याचेही प्रकार झालेत. असे नकोत. ज्यात प्रत्येक वायर वेगळी आत बसवलेली दिसते आणि मागे दाबून बसवायचं झाकण असतं तसा घ्या. आणि एका अडॅप्टरवर चार-चार डिस्क टांगू नका, फिरायला सुरुवात करताना साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते, पीसी चालू होताना सगळ्या एकदम ओढतात. फोटोग्राफरला शेवटी हाच लावून दिला, त्यानंतर तो ब्लोअर मारायला मोकळा.

दुसरा मार्ग, नारिंगी वायरच काढून टाकणं. कनेक्टरचं मागचं झाकण उघडून ती एक वायर उचलायची, टोकाला हीट श्रिंक लावून बांधून ठेवायची. एकाच केबलवर सगळ्या मोठ्या डिस्क असतील तर हे सगळ्यात स्वच्छ काम, पण एसएमपीएसची वॉरंटी गेली असं समजा, आणि त्या केबलवर पुढे कधी एम-टू एसएसडीचा साटा कन्व्हर्टर लावला तर त्याला ३.३ लागू शकतात हे लक्षात असू द्या. मॉड्युलर, म्हणजे केबली काढता-लावता येणारा एसएमपीएस असेल तर "चार वायरींची केबल मित्राकडे आहे, ती लावतो" असं चुकूनही करू नका. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं पण एसएमपीएसकडचं टोक प्रत्येक कंपनीचं, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचंही वेगळं असतं. ५ च्या जागी १२ गेले की डिस्कचा बोर्ड जळतो, मग आहेच रिकव्हरीवाला.

फिरली, पण डेटा दिसत नाही

हे पॉवर डिसेबल नाही पण याच वाटेवर पुढच्या वळणावर भेटतं म्हणून लिहितो. डिस्क फिरली, बायोसमध्ये नाव आलं, आणि विंडोज म्हणतं

```
You must initialize a disk before Logical Disk Manager can access it
```

तर OK दाबू नका. काही ब्रिज बोर्ड डिस्कचे सेक्टर यूएसबीवर ४०९६ बाइटचे दाखवतात आणि तीच डिस्क थेट साटाला लावली की ५१२ चे दिसतात, त्यामुळे पार्टिशनची माहिती चुकीच्या जागी शोधली जाते आणि डिस्क कोरी वाटते. लिनक्सवर दोन्हीकडे लावून हे चालवा:

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL,LOG-SEC,PHY-SEC
```

LOG-SEC खाली यूएसबीवर 4096 आणि साटावर 512 आलं तर हेच कारण. दुसरा प्रकार म्हणजे बोर्डच डेटा एन्क्रिप्ट करून लिहितो, तुम्ही पासवर्ड ठेवलेला नसला तरी, आणि मग त्या बोर्डाशिवाय तो डेटा वाचताच येत नाही. दोन्हीत सुटका एकच, डिस्क परत त्याच बोर्डाला जोडायची, डेटा दुसरीकडे कॉपी करायचा, आणि मग साटावर लावून नव्याने फॉरमॅट. त्यामुळे डिस्कमध्ये आधीपासून काही असेल तर केसिंग उघडायच्या आधीच कॉपी करा, आणि बोर्ड, अडॅप्टर, प्लास्टिकचं खोकं सगळं एका पिशवीत डिस्कचा सीरियल नंबर लिहून ठेवून द्या. वॉरंटीत द्यायची वेळ आली तर पूर्ण जोडलेला पीसच मागतात, नुसती आतली डिस्क सहसा घेत नाहीत.